मदत हवी आहे: बजेट तुटपुंजं, कॅम्पेन पाच. गूगल अ‍ॅड्सचे पैसे कसे वाटू?

मोजपट्टी: नवरा घरं रिनोव्हेट करण्याची कंत्राटं घेतो, जाहिराती मी बघते. बजेट 100 भाग धरा. किचन, बाथरूम, अख्खं घर, रंगकाम आणि आमच्या फर्मचं नाव अशा पाच कॅम्पेनना मी सरळ 20-20 भाग दिले. गेल्या महिन्याचा हिशोब:

रंगकाम: 14 चौकश्या, 5 कामं
बाथरूम: 6 चौकश्या, 2 कामं
किचन: 3 चौकश्या, एकही काम नाही
अख्खं घर: 1 चौकशी, पुढे काही नाही

फर्मच्या नावावरून आलेले सगळे जुनेच ग्राहक. नवरा म्हणतो, सगळे पैसे रंगकामात घाल, फोन तिकडूनच वाजतो. मला ते पटत नाहीये, पण का ते सांगताही येत नाहीये.

झटपट: एवढा विचार कशाला? सगळ्या कॅम्पेनना एकच शेअर्ड बजेट द्या, बिडिंग Maximize conversions वर ठेवा. जिथे चौकश्या येतात तिकडे गूगल आपणच पैसे वळवतं. आमच्याकडे मस्त चाललंय.

ओळंबा: झटपट, पैसे वळतील हे खरं, पण कुठे? गूगलला फक्त फोन आणि फॉर्म दिसतात. रंगकामाची चौकशी स्वस्तात मिळते, म्हणजे सगळा ओघ तिकडेच जाणार. थोडक्यात, ताईंचे यजमान म्हणतायत तेच होईल. कुठल्या चौकशीचं काम झालं आणि कितीचं, हे गूगलला परत कळवायची सोय केली तर तुमचा सल्ला बरोबर. पण महिन्याला सात कामांवर ते काय शिकणार?

मोजपट्टी ताई, एका रंगकामात जेवढं सुटतं त्याच्या किती पट बाथरूममध्ये आणि किचनमध्ये सुटतं?

मोजपट्टी: बाथरूममध्ये साधारण सहापट, किचनमध्ये पंधरापट.

ओळंबा: मग तेवढ्याच खर्चात रंगकामाने 5 मिळवून दिले आणि बाथरूमने 12. किचनच्या शून्यावरून मात्र काहीच ठरवू नका. तीन चौकश्यांत एखादं काम हुकणं नेहमीचंच, आणि एक जरी जमलं असतं तरी ते सगळ्यांच्या पुढे गेलं असतं. शिवाय किचनवाले दोन-दोन महिने विचार करतात. काम झालं की ते ज्या महिन्यात क्लिक आला त्या महिन्याच्या खात्यात धरा.

आता कॅम्पेनच्या तक्त्यात Search lost IS (budget) आणि Search lost IS (rank) हे दोन कॉलम जोडा. जाहिरात दिसू शकली असती पण बजेटपायी किंवा रँकपायी राहून गेली असं किती टक्के वेळा झालं, ते त्यात कळतं. बाथरूम आणि किचनचे आकडे सांगा.

फरशीवाला: माझं टाइल्सचं दुकान आहे. मी इन्स्टाग्रामवर रील टाकतो, खर्च शून्य. तेही करून बघा.

मोजपट्टी: फरशीवाले दादा, रील आहेत आमच्या, पण प्रश्न सर्चचा आहे. ओळंबा, बाथरूम: बजेटपायी 62 टक्के, रँकपायी 8. किचन: बजेटपायी 20, रँकपायी 55.

ओळंबा: झालं तर मग. बाथरूमची जाहिरात चांगली आहे, फक्त दिवस संपायच्या आत पैसे संपतात. तिथे वाढवाल तर क्लिक वाढतील. किचनमध्ये आत्ता पैसे ओतून फारसं काही होणार नाही. बोली कमी पडतेय, नाहीतर जाहिरात आणि तिच्यामागचं पान शोधाशी जुळत नाहीये. सर्च टर्म्स रिपोर्ट उघडा, लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते वाचा.

मी असतो तर अख्खं घर आणि रंगकाम बंद करून बाथरूमला 60 दिले असते.

मोजपट्टी: दोन अडचणी. बाथरूमची टीम एकच, महिन्याला तीनच्या वर बाथरूम झेपत नाहीत. आणि रंगारी रिकामे बसले की दुसरीकडे जातात.

ओळंबा: हे आधी सांगायचं होतंत की! 20 भागांत 2 कामं आली, तर तीनसाठी 30-35 पुरेत. त्यावर दिलेले पैसे झेपणार नाहीत अशा चौकश्यांवर जातील. (एका महिन्यात दोन कामं हा योगायोगही असेल, म्हणून महिनाभर नजर ठेवा.) रंगकाम 15 वर ठेवा, रंगाऱ्यांना पुढच्या आठवड्याचं काम असेल तेव्हा बंद. अख्खं घर बंदच. उरलेले किचनसाठी राखा, पण जाहिरात सुधारल्यावरच सोडा.

मोजपट्टी: सर्च टर्म्स बघितल्या. किचनच्या 60 क्लिकपैकी 22 ‘किचन डिझाइन फोटो’ आणि तसल्याच शोधांवरून आलेत! ‘डिझाइन’ हा शब्दच निगेटिव्हमध्ये टाकू का?

ओळंबा: ‘फोटो’ टाका. ‘डिझाइन’ नको, खरं काम करवून घेणारेही तोच शब्द लिहितात.

झटपट: आणि फर्मच्या नावाचे 20? ते सगळ्यात आधी बंद करा, जुने ग्राहक तसेही येतील.

ओळंबा: तुमच्या नावावर दुसरं कुणी जाहिरात लावत नसेल तर मीही हेच म्हणेन. लावत असेल तर 5 ठेवा.

मोजपट्टी: काल शोधलं तेव्हा कुणी नव्हतं, आज एक दिसतोय.