प्रतिसाद: कामाच्या वेळा आणि व्हॉट्सअ‍ॅप

"बिझनेस अ‍ॅपमध्ये वेळ टाकली, तरी क्लायंट रात्री अकराला मेसेज करतातच. मग उपयोग काय?"

ती वेळ फक्त प्रोफाइलमध्ये दिसते आणि प्रोफाइल उघडून बघतं कोण! सोबत Away message, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, चालू करा आणि Schedule मध्ये Outside of business hours निवडा. फोनचं नेट बंद असेल तर तो मेसेज जातच नाही, त्यामुळे रात्री डेटा बंद करणाऱ्यांनी हे आधी तपासा. घरचे लोक Recipients मधून वगळता येतात.

पण खरा फरक मजकुराने पडतो. नौपाड्यात माझं जीएसटी-अकाउंट्सचं काम आहे. "लवकरच संपर्क करू" असं लिहिलं की माणूस अर्ध्या तासाने पुन्हा विचारतो. म्हणून मी लिहिते: "ऑफिस सोमवार ते शनिवार, १० ते ७. आत्ताच्या मेसेजला पुढच्या कामाच्या दिवशी १२ पर्यंत उत्तर मिळेल. नोटिशीची मुदत उद्याच संपत असेल तर फोन करा." फोन करायचा म्हटलं की बहुतेकांची घाई सकाळपर्यंत थांबते, ज्याची खरंच अडचण आहे तोच करतो. दर महिन्याच्या २० तारखेला बहुतेकांचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असतं, तेव्हा आधीचे दोन-तीन दिवस मी वेळ ९ पर्यंत वाढवते आणि नंतर आठवणीने पूर्ववत करते.

आणि रात्री दहाला सुचलेलं उत्तर लिहून ठेवा, पाठवा सकाळी. एकदा रात्री उत्तर गेलं की क्लायंट तीच वेळ धरून चालतो.