हळद नऊला की अकराला?

आत्या (सकाळी ७:४२): हळद नक्की किती वाजता? कार्यक्रमांच्या फोटोत ९ आहे आणि फोटोखाली ११ लिहिलंय. मी तो फोटो काल रात्रीच सासरच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाले. तीस माणसं आहेत तिथे. आता कोणाकोणाला फोन करत बसू?

ताई (७:४९): आत्या, अकराच. फोटो टाकल्या टाकल्या नवरदेवाकडून निरोप आला. त्यांच्याकडे हळद साडेआठला आहे, मग उष्टी हळद घेऊन त्यांच्याकडच्या बायका साडेनऊला निघणार. रस्ता तासाभराचा. ती हळद आल्याशिवाय आपल्याकडे सुरुवात कशी करणार? म्हणून मी लगेच खालचा मजकूर दुरुस्त केला.

आत्या: माझ्याकडून पुढे गेलेल्यात नऊच दिसतंय.

वहिनी: आत्या, आधी पुढे पाठवलेला मेसेज इथे दुरुस्त केला तरी तिकडे बदलत नाही. आणि फोटोतलं तर काहीच बदलत नाही.

मोठे काका: बस किती वाजता सुटणार ते कुठेच लिहिलेलं नाही.

मावशी: लग्नाला पिवळंच नेसायचं आहे ना? मी पिवळी पैठणी काढून ब्लाऊजसुद्धा शिवायला टाकला.

ताई: अगं मावशी, पिवळं हळदीला! लग्नाच्या दिवशी पिवळं सोडून काहीही. गौरीहराला नवरी मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून बसणार, बाजूला सगळ्याच पिवळ्या दिसल्या तर फोटोत नवरी कुठली ते शोधावं लागेल.

मावशी: फोटोत तिन्ही कार्यक्रम शेजारी शेजारी, अक्षरं मुंगीएवढी. मोठं करून बघितलं तर ‘पिवळा’ एकीकडे आणि ‘हळद’ भलतीकडे. आमच्या डोळ्यांचा विचार कोणी करायचा?

आई: तू पैठणीच नेस गं. कोणी काही म्हणणार नाही. संध्याकाळी रिसेप्शनला नेस हवं तर.

मावशी: नको. बदलते मी. 🙏

मामा: मी १२:२७ वाचलं. म्हणजे बाराला पोचलो तर चालेल ना?

ताई: मामा!! १२:२७ हा मुहूर्त आहे, यायची वेळ नाही. नवरीला अंतरपाटापाशी तूच आणणार आहेस. शिवाय फेटेवाला एकच. एका फेट्याला पाच मिनिटं धर, आपले वीस फेटे, म्हणजे दहाला बसला तरी त्याला पावणेबारा होतात. तू साडेनऊला हॉलवर हवास.

मामा: बारापर्यंत मी दाढीच करत बसलो असतो 😄

मोठे काका: बसची वेळ?

आत्या: मामांना साडेनऊ कळलं, बरं झालं. आमची तीस माणसं मात्र नऊला येऊन दोन तास बसणार. विचारून टाकलं असतं तर हे झालं नसतं.

आई: वन्सं, चूक आमचीच. तिकडचा होकार यायच्या आधी वेळ टाकायला नको होती. त्या ग्रुपवर मीच लिहिते, तुम्ही फक्त मला त्यात घ्या.

आत्या: तसं नाही हो वहिनी. मी कळवते.

वहिनी: हळदीच्या कपड्यांचं पण लिहा. ‘पिवळा’ एवढंच वाचून कोणी रेशमी घालून येईल. डागावर साबण लावला की तो लाल होतो, मग बाई घाबरून आणखी चोळते. जुनं सुती घाला. आधी गार पाण्यात खळबळून घ्या आणि धुतल्यावर कडक उन्हात वाळवा, पिवळेपणा बराच उतरतो.

ताई: फोटो काढून टाकते. आता तीन वेगळे मेसेज टाकतेय, तिन्ही पिन करणार. पुढे पाठवायचे तर हेच पाठवा. वेळ बदललीच तर जुना मेसेज दुरुस्त करणार नाही, ‘बदल’ लिहून नवा टाकेन.

ताई: हळद, शनिवार. या १०:३० ला, सुरुवात ११ ला, घरीच. पिवळे, जुने, सुती कपडे.

ताई: संगीत, शनिवार. या ७ ला, नाचणारे ६ ला, कारण गाणी एकदा स्पीकरवर लावून बघायची आहेत. रंगाचं बंधन नाही. नाचणाऱ्यांनी सपाट चपला आणा.

ताई: लग्न, रविवार. मुहूर्त दुपारी १२:२७. या ११ ला, फेटा बांधायचा असेल तर १० ला. साडी किंवा कुर्ता, पिवळा सोडून.

मोठे काका: तिसऱ्यांदा विचारतोय. पाहुणे ११ ला येतील, पण घरची माणसं हॉलवर पोचणार कशी?

आई: भावजी, खरंच राहिलं. बस ८ ला सुटेल.

मोठे काका: सव्वा तासाचा रस्ता. ८ ला सुटायची तर माणसं पावणेआठला चौकात हवीत, नाहीतर साडेनऊ गाठत नाही. तसं लिहा.

ताई: बदल. लग्न, रविवार. बससाठी चौकात ७:४५, बस सुटणार ८:००. मुहूर्त १२:२७. पाहुणे ११ ला, फेटा बांधायचा असेल तर १० ला. साडी किंवा कुर्ता, पिवळा सोडून.

मोठे काका: 👍 आता हे पिन कर, आधीचं काढ.