मदत हवी आहे: गिऱ्हाइकाच्या नावामागे 'इंक.' आहे, उधारी द्यावी का?

लेथवाला
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं सीएनसी टर्निंगचं वर्कशॉप आहे. एका नव्या गिऱ्हाइकानं बुशांची 3 लाख 80 हजारांची ऑर्डर दिलीय, 45 दिवसांच्या उधारीवर. लेटरहेडवर नावामागे 'इंक.' छापलंय. मागं एका प्रायव्हेट लिमिटेडनं माझे पैसे बुडवले. मालक अजून नव्या गाडीतून फिरतो आणि वर म्हणतो, 'कंपनी बसली, माझा काय संबंध?' हे 'इंक.' त्यातलंच का?

निपाणीकर
एलएलपी काढा, डोळे झाकून. माझ्या मेव्हण्यानं काढली. उलाढाल 40 लाखांच्या आत असली तर कायद्याचं ऑडिटसुद्धा लागत नाही.

लेथवाला
अहो, मी काही काढत नाही. मला पैसे वसूल करायचेत!

तिसरं गेट
इंक. म्हणजे इनकॉर्पोरेटेड, अमेरिकेतली नोंदलेली कंपनी. आपल्याकडच्या लिमिटेडसारखंच, मालकाच्या घराला हात लागत नाही. ॲडव्हान्स घ्या, नाहीतर सोडा.

शहापूरचा मुनीम
अमेरिकेपुरतं तिसरं गेट यांचं बरोबर. पण आपल्या कंपनी कायद्यात 'इंक.' नावाचा प्रकारच नाही. इथं कंपनी नोंदली की नावाच्या शेवटी साधारणपणे लिमिटेड किंवा प्रायव्हेट लिमिटेड येतं, आणि बिलावर, लेटरहेडवर सीआयएन, म्हणजे कंपनीचा 21 अक्षरांचा नोंदणी क्रमांक, छापावा लागतो. 'इंक.' आहे आणि सीआयएन नाही, म्हणजे बहुतेक करून ते पाटीवरचं नुसतं नाव.

लेथवाले, त्याचा जीएसटी नंबर घ्या आणि डावीकडून सहावं अक्षर बघा. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर माणूस की कंपनी ते सांगतं. P असेल तर एकटा माणूस, C असेल तर कंपनी. F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, तिथं मात्र अक्षरावरून फरक कळत नाही. मग जीएसटीच्या साइटवर Search Taxpayer मध्ये नंबर टाका आणि Constitution of Business ही ओळ वाचा.

लेथवाला
बघितलं. सहावं अक्षर P. तिथं Proprietorship लिहिलंय. Legal Name मध्ये एका बाईंचं नाव, आणि Trade Name मध्ये ते 'इंक.'वालं. अजून एक. माल त्यांच्या शिनोळीच्या शेडला जाणार. तिथला नंबर 27 नं सुरू होतो, बेळगावचा 29 नं. ते म्हणाले, शिनोळीची कंपनी वेगळी आहे.

शहापूरचा मुनीम
मधली दहा अक्षरं जुळवा.

लेथवाला
तीच आहेत की!

शहापूरचा मुनीम
मग कसली वेगळी कंपनी? सीमेपलीकडे महाराष्ट्र लागतो म्हणून नोंदणी दुसरी, बाई एकच. बिल कुठल्याही नंबरावर फाडा, देणं त्यांच्याच अंगावर. आणि तुम्ही ज्याला घाबरताय त्याच्या उलट आहे हे. इथं धंदा आणि माणूस कायद्यानं एकच, म्हणून दावा जिंकलात तर त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत जाता येतं. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये वैयक्तिक हमी लिहून घेतली नसेल तर तुमची धाव कंपनीच्या मालमत्तेपर्यंत, आणि त्यावर आधी बँकेचा बोजा असतो.

तिसरं गेट
पण प्रायव्हेट लिमिटेडला निदान एक लाखाचं भांडवल लागतं ना?

शहापूरचा मुनीम
ती अट 2015 मध्ये गेली. आता दहा हजारांवरही कंपनी उभी राहते. शेपूट बघून फक्त एवढं कळतं की कुणाच्या खिशात हात घालता येईल. खिशात काय आहे ते नाही कळत. बाईंच्या नावावर काही आहे का, ते तुम्हालाच शोधावं लागेल.

लेथवाला
एक अडचण राहिली. ऑर्डरवर सही मुलाची आहे, आणि खाली शिक्का 'पार्टनर'चा.

शहापूरचा मुनीम
हे मात्र वाईट. पोर्टलवर एकटी मालकीण आणि शिक्क्यावर भागीदार. उद्या बाई म्हणतील, मुलाला मी अधिकार दिलाच नव्हता. मुलगा म्हणेल, धंदा आईचा. ऑर्डर परत पाठवा. वर बाईंचं पूर्ण नाव, त्यापुढे 'प्रोप्रायटर' आणि मग दुकानाचं नाव असं लिहून त्यांचीच सही आणा. चेकही त्यांच्याच खात्याचा हवा.

निपाणीकर
मग असं 'इंक.' लावणं गुन्हाच म्हणायचा!

शहापूरचा मुनीम
नोंदणी नसताना नावाशेवटी 'लिमिटेड' लावलं तर कंपनी कायद्याच्या कलम 453 खाली दिवसाला 500 ते 2000 रुपये दंड आहे. त्याची नक्कल केलेला शब्दही त्यात येतो. आता 'इंक.'ला नक्कल म्हणायचं का, यावर मी पैज लावणार नाही.

लेथवाला
फोन केला. मुलगा म्हणाला, 'आई सही करत नाही, सगळं मीच बघतो.' बार मशीनवर चढवला होता, उतरवून ठेवलाय.