मदत हवी आहे: मायग्रेनच्या लेखी प्लॅनमधली मधली पायरी कशी लिहावी?

पुण्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये मायग्रेनच्या रुग्णांसाठी एका पानाचा मराठी प्लॅन करतोय. नमुना रुग्ण: 34 वर्षांची महिला, बीपी, हृदयविकार, अल्सर नाही, गरोदर नाही.

सौम्य: काम चालू ठेवता येतं, तेव्हा नॅप्रोक्सेन 500 मिग्रॅ, काहीतरी खाऊन. मध्यम: काम थांबवावं लागतं, तेव्हा सुमाट्रिप्टान 50 मिग्रॅ. तीव्र: उलट्या होत असतील तर गोळीऐवजी नाकातला सुमाट्रिप्टान स्प्रे, कारण अटॅकमध्ये जठर मंदावतं आणि गोळी नीट शोषली जात नाही.

अडचण मधल्या पायरीची आहे. सुमाट्रिप्टान नॅप्रोक्सेनसोबत जास्त चांगलं काम करतं, म्हणून तिथे दोन्ही लिहिलं. पण सकाळी 9 ला सौम्य पायरीत नॅप्रोक्सेन घेतलेली बाई 10 ला मध्यम पायरी वाचून ते पुन्हा घेते. उलट "आधी घेतलं असेल तर नको" एवढंच लिहिलं, तर काही जणी सुमाट्रिप्टानही टाळतात आणि दुखणं चढेपर्यंत थांबतात. मग ते कमी लागू पडतं. सध्या प्रत्येक औषधापुढे वेळ लिहायचा चौकोन ठेवलाय.

दुसरी सुमाट्रिप्टान गोळी पहिलीने उतरून दुखणं परतलं तरच, 2 तासांनी. सुमाट्रिप्टान महिन्यात 10 पेक्षा कमी दिवस. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी किंवा हातापायात अशक्तपणा असेल तर प्लॅन बाजूला, थेट इमर्जन्सी. हे लाल चौकटीत आहे.

डॉक्टर, फार्मासिस्ट मंडळी, ही मधली पायरी तुम्ही कोणत्या शब्दांत लिहिता? रुग्णांनी चुकीचा अर्थ न लावलेली वाक्यं जशीच्या तशी द्याल का?