गुडघा वाकतोय म्हणून ५ किमी चालण्याच्या शर्यतीत बाद. मदत हवी आहे

पायपीट४७: मागच्या रविवारी मास्टर्सच्या ५००० मीटर चालण्याच्या शर्यतीत उतरलो होतो. ३३ मिनिटांत संपवायचं ठरवलं होतं, म्हणजे फेरीला साधारण २ मिनिटं ३८ सेकंद. तिसऱ्या किलोमीटरला पंचांनी कोनाच्या खुणेचं पिवळं पॅडल दाखवलं. पुढे तीन पंचांची लाल कार्डं झाली आणि साडेनऊ फेऱ्यांनंतर मला बाहेर काढलं. मला तर पाय सरळच वाटत होता! सरावात मिनिटाला १४८ पावलं पडतात. चूक कुठे होत असेल?

सकाळचाफेरा: गुडघा शेवटपर्यंत ताठ ठेवायचा, एवढाच नियम. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी रोज तासभर चालतो. तेल लावून बघा.

टाचेवर: तेल राहू द्या हो. 'शेवटपर्यंत ताठ' हेही अर्धंच खरं. पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून तो शरीराच्या बरोबर खाली येईपर्यंत सरळ हवा. मागे गेल्यावर वाकू द्या, वाकवल्याशिवाय तो पुढे येणारच नाही.

पायपीट, तुमचा हिशेब मांडून बघू. ३३ मिनिटांत ५००० म्हणजे मिनिटाला १५२ मीटर. १४८ पावलांत ते बसवायचं तर पाऊल एक मीटरच्या वर जातं. इतकं लांब टाकताना टाच शरीराच्या फार पुढे पडते. मग वजन अंगावर आलं की गुडघा दुमडतो, आणि दमल्यावर जास्तच. तिसऱ्या किलोमीटरला पॅडल आलं ते उगाच नाही. तोच वेग १६५ पावलांत काढा, पाऊल ९२ सेंटिमीटरवर येईल. लांबी पुढे शोधू नका, मागच्या पायाच्या रेट्यातून आणि कंबरेच्या हालचालीतून येऊ द्या.

सरावाला ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, मध्ये मिनिटभर दम. मोबाईल बाजूला गुडघ्याच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट करा, आणि टाच टेकल्यापासून पाय उभा होईपर्यंतच्या फ्रेम एकेक करून पाहा. ज्या फेरीत गुडघा दुमडलेला दिसेल, तिथे त्या दिवसाचा सराव थांबवा. दमून चुकीचं चालण्याचीच सवय लागते. पंच मात्र नुसत्या डोळ्यांनी बघतात, व्हिडिओवर निकाल होत नाही.

पायपीट४७: आज जुना व्हिडिओ पाहिला. टाच खरंच खूप पुढे पडतेय. पण १६५ ला नडगीचा पुढचा भाग चौथ्या फेरीतच पेटला.

टाचेवर: चवडा वर धरून टाच टेकवायचं काम तोच स्नायू करतो, नव्याने दुखणारच. दोन आठवडे १५५ वर राहा. दुखणं हाडावर एका ठिकाणी बोट ठेवता येईल असं असेल तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवा.

उंबरठा: माझा गुडघा झोपूनही पूर्ण सरळ होत नाही. मग मी काय करायचं?

टाचेवर: ते हाडामुळे की मांडीमागच्या आखडलेल्या स्नायूंमुळे, हे आधी फिजिओकडून कळायला हवं. स्नायू असतील तर ताणण्याने फरक पडेल. हाड असेल तर माझ्याकडे उत्तर नाही. पंच दिसेल तेच लिहिणार.