आधीच्या मॅनेजरकडून आलेलं गुगल ॲड्स खातं: आधी नुसतं बघायचं, की लगेच दुरुस्तीला लागायचं?

नवखा_पेठेतला: सिंहगड रोडवरच्या एका मॉड्युलर किचनवाल्यांचं खातं माझ्याकडे आलंय. आधीचा मुलगा सोडून गेला, लिहून काहीच ठेवलेलं नाही. रोजचं बजेट 3,000, टार्गेट सीपीए, म्हणजे एका लीडमागे ठरवलेला खर्च, 400. शेठ म्हणतात उद्यापासून सुधारा. काही बदलायच्या आधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासू?

कर्वेनगरकर: आठवडाभर हात खिशात ठेवा. पहिल्यांदा Change history उघडा, दोन वर्षांपर्यंतचं मागचं दिसतं. बदल कोणी केला ते वाचा. तिथे माणसाच्या ईमेलऐवजी बरेच बदल गुगलच्या शिफारशींमधून आपोआप झालेले दिसले, तर त्या मुलाने स्वयंचलित शिफारशी चालू ठेवल्या होत्या आणि खातं अर्धंमुर्धं स्वतःच चालत होतं. मग कन्व्हर्जन, म्हणजे गुगल लीड म्हणून नक्की काय मोजतंय ते. कीवर्ड, जाहिराती सगळं त्यानंतर.

मंडई_रोखठोक: आठवडाभर बघत बसायला शेठचे 21,000 कुठून येणार? सर्च टर्म, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं ती यादी, उघडा. ‘किचन ट्रॉली रिपेअर’, ‘किचन डिझायनर नोकरी’ असलं काही असणारच. असल्या शोधांना जाहिरात दिसू नये म्हणून ते शब्द निगेटिव्हमध्ये टाका, पैसे आजच वाचतील. लोकेशनचं सेटिंगही बघा. ते मुळात ‘Presence or interest’ वर असतं, म्हणजे नागपुरात बसून पुण्याबद्दल शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते.

कर्वेनगरकर: नोकरी शोधणाऱ्यांचं मान्य, ते आजच थांबवा. पण ‘महाग वाटतो म्हणून’ कीवर्ड बंद करू नका. महाग कशाच्या हिशोबाने? आकडाच खोटा असेल तर? आणि लोकेशनचं म्हणाल, तर अमेरिकेतला मुलगा वाकडच्या फ्लॅटसाठी किचन शोधत असू शकतो. शेठना विचारल्याशिवाय ते बदलू नका.

हडपसरवाली: माझ्या दवाखान्याचं इन्स्टाग्राम असंच अडकलं. जाहिरातींचं खातं आधीच्या एजन्सीच्याच नावावर निघालं. पासवर्ड होता, मालकी नव्हती. सगळं नव्याने उभं करावं लागलं.

कर्वेनगरकर: ताई, प्रश्न गुगलचा आहे, पण मुद्दा लागू पडतो. अ‍ॅडमिन म्हणून शेठचा स्वतःचा ईमेल आहे का, पैसे कोणाच्या कार्डावरून जातात, गेलेल्या मुलाचा प्रवेश अजून चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी बघा. पण त्याला काढायच्या आधी शेठ नक्की अ‍ॅडमिन झालेत याची खात्री करा.

नवखा_पेठेतला: काल रात्री बसलो. गेल्या महिन्यात खर्च 90,000, गुगल दाखवतंय 240 लीड, म्हणजे 375 ला एक. शेठच्या मुलीच्या वहीत मात्र चौकशा 110! गोल्समध्ये फॉर्मच्या दोन नोंदी आहेत, एक ‘धन्यवाद’ पानावरच्या टॅगची, दुसरी गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या जीए4 मधून आलेली generate_lead. दोन्ही Primary, म्हणजे बोली लावताना दोन्ही धरल्या जातात.

मंडई_रोखठोक: सापडला की चोर! एक Secondary करून टाका आणि मोकळे व्हा.

कर्वेनगरकर: इथेच थांबा राव. एकच फॉर्म दोनदा मोजला जातोय. दोन वेगळ्या नोंदी असल्या की गुगल त्यांतली पुनरावृत्ती गाळत नाही. 110 चे 220 झाले. वरचे 20 बहुतेक पान रिफ्रेश करणाऱ्यांचे, मोजणी Every वर, म्हणजे प्रत्येक वेळ धरणारी, आहे का बघा, लीडसाठी One, म्हणजे एका क्लिकमागे एकच, हवी. म्हणजे खरी किंमत 90,000 भागिले 110, साधारण 818. आता टार्गेट 400 च ठेवून एक नोंद काढली, तर बोली लावणाऱ्या यंत्रणेला एकदम दुप्पट महाग लीड दिसू लागतील. ती बोली खाली आणेल, जाहिराती आटतील आणि शेठ म्हणतील, नवा आला आणि फोन बंद झाले. बदल करायच्या त्याच दिवशी टार्गेट 400 वरून साधारण 870 वर न्या. काल 400 म्हणजे खरं तर तेवढंच होतं.

मंडई_रोखठोक: 870 ऐकून शेठ तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. मी 600 वर नेऊन दोन आठवडे बघेन.

कर्वेनगरकर: मग त्या दोन आठवड्यांत लीड घटतील, हेही त्यांना आधीच सांगा. आणि शेवटच्या चार-पाच दिवसांचा आकडा बघून घाबरू नका. आज क्लिक करणारा माणूस फॉर्म चार दिवसांनी भरतो, ते कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला मागे जाऊन बसतं.

नवखा_पेठेतला: वहीत फोनवरच्या चौकशा आहेत की नाहीत हेच ठाऊक नाही. मुलगी म्हणते, “थोड्या आहेत.” मग 110 हा आकडा तरी खरा धरायचा का?

कर्वेनगरकर: मग आधी वहीचं ऑडिट. फॉर्मच्या ओळींवर एक खूण, फोनवरच्यांवर दुसरी. तोवर 870 वर जाऊ नका.

मंडई_रोखठोक: बघा, शेवटी तुम्हीही थांबाच म्हणताय. निगेटिव्ह तरी टाकू देताय ना?