एकदाच आलेल्या ग्राहकाला पाचपैकी ३ गुण कसे?

नौपाडा_मसालेवाली: आमचा मसाल्यांचा आणि फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. यादीत १००० ग्राहक, त्यातले ६२० एकदाच आलेले. शेवटची खरेदी कधी, किती वेळा आणि किती रुपयांची, या तिन्हींवर भाच्याने पाच-पाच समान गट पाडून १ ते ५ गुण दिले. पण एकदाच आलेल्या काहींना ‘किती वेळा’मध्ये १ गुण आहे, काहींना ३. हे बरोबर आहे का?

घोडबंदरकर: बरोबरच आहे. गट समान नसतील तर तुलना कशी करणार? ३ वाल्यांनी जास्त रुपयांचा माल घेतला असेल.

ऐरोली_डेटा: रुपयांचा इथे काही संबंध नाही. भाच्याने बहुतेक हे लिहिलंय:

```
pd.qcut(df['orders'].rank(method='first'), 5, labels=[1,2,3,4,5])
```

समान गट पाडणारं `qcut` नुसतं वापरलं तर इतक्या सारख्या आकड्यांवर अडतं आणि `Bin edges must be unique`, म्हणजे गटांच्या सीमा वेगवेगळ्या हव्यात, असं म्हणतं. `rank` लावलं की ते चालतं, पण सारख्या आकड्यांना यादीतल्या क्रमाने नंबर मिळतात. म्हणजे तुमच्या ६२० पैकी पहिल्या २०० जणांना १, पुढच्या २०० जणांना २, त्यापुढच्या २०० जणांना ३ आणि उरलेल्या २० जणांना चक्क ४! यादी मोबाइल नंबरप्रमाणे लावली असेल, तर गुण मोबाइल नंबरने ठरले. यादी उलटी लावून पुन्हा चालवा, गुण बदलले की खात्री पटेल.

‘किती वेळा’च्या सीमा हातानेच ठरवा. एका ऑर्डरला १, दोनला २, तीन-चारला ३, पाच ते आठला ४, त्यापुढे ५. दिवस आणि रुपये यांना समान गट चालतात.

घोडबंदरकर: हाताने घातलेल्या सीमा टिकत नाहीत. व्यवसाय जुना होईल तसे सगळे नेहमीचे ग्राहक ५ वर जाऊन बसतील.

ऐरोली_डेटा: हे मान्य. म्हणून शेवटच्या बारा महिन्यांच्याच ऑर्डरी मोजायच्या.

वाशीची_चकली: बारा महिन्यांत फसाल. आमच्याकडे बऱ्याच जणी फक्त दिवाळीला येतात. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ चं अधिक महिन्यामुळे ८ नोव्हेंबरला. २५ ऑक्टोबर २०२६ ला मागचे बारा महिने घेतले, तर गेल्या दिवाळीच्या ऑर्डरी निसटतात आणि यंदाच्या अजून यायच्या असतात. दरवर्षी न चुकता येणारी बाई शून्यावर! मी तेरा महिने घेते. आणि अशा बायकांना सप्टेंबरमध्ये ‘दुरावलेल्या’ समजून सवलतीचा मेसेज धाडू नका, त्या पूर्ण भावाने घेणारच असतात.

घोडबंदरकर: तेरा महिन्यांत कधी दोन दिवाळ्याही येतील.

वाशीची_चकली: येतात ना. म्हणून फराळाची यादी वेगळी ठेवा आणि तिथे ऑर्डरींऐवजी गेल्या तीन दिवाळ्यांपैकी किती वेळा घेतलं ते बघा.

नौपाडा_मसालेवाली: आमच्याकडे एकाच बिलात गोडा मसालाही असतो आणि चिवडाही. ते बिल कुठल्या यादीत?

ऐरोली_डेटा: दोन्ही याद्यांत, फक्त रुपये ज्या-त्या मालाचे वेगळे काढा.

घोडबंदरकर: आणि घरपोच आकार कुठे धरणार? मला तर एकच यादी बरी वाटते.